"तो थांबवा" म्हणजे नक्की कोण थांबवा? (ग्रुपवरच्या सर्वनामांनी घातलेला घोळ)

गाठीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात मी डिस्पॅच बघतो. गुरुवारी आमच्या ग्रुपवर एक घोळ झाला. दोन दिवस शिव्या खाल्ल्या. आता डोकं शांत झालंय, म्हणून विचारतोय की चूक नेमकी कुठे झाली. ग्रुपवर अकरा जण आहेत. त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत साठेक मेसेज पडले. कामाचे तेवढे खाली जसेच्या तसे उतरवलेत, नावं काढलीत.

10:12 शेठ – हैदराबादचा माल बांधून झाला का
10:15 मी – हो. टॉवेल 40 गाठी, चादरी 25 गाठी
11:02 डाईंग मास्तर – मरून टॉवेलचा रंग हाताला लागतोय वाटतं. एक पीस धुवून बघतो
11:05 शेठ – बघा
(मध्ये लाईट गेली, बिल्टी पुस्तक सापडेना, वगैरे वीसेक मेसेज)
11:48 टेम्पोवाला – टेम्पो गेटवर लागलाय
11:49 मी – भरायला घेतो
11:50 पॅकिंगच्या मावशी – चिकटपट्टी संपली
11:51 डाईंग मास्तर – तो थांबवा. दुपारी सांगतो
11:52 मी – बरं
(पुन्हा बरंच काही)
1:38 टेम्पोवाला – शेठ बबलूला जेवायला सोडू का, सकाळपासून उपाशी आहे
1:39 मी – मास्तर काय झालं मग?
1:44 शेठ – सोडा त्याला
1:45 मी – ओके

मास्तरांचा "तो" म्हणजे मरून टॉवेलचा लॉट. मी वाचला टेम्पो. त्यामुळे टॉवेल, चादरी सगळं भरून टेम्पो गेटवर उभा करून ठेवला. शेठनी "सोडा त्याला" म्हटलं ते बबलूला, म्हणजे टेम्पोवरच्या पोराला. मला वाटलं, टेम्पो सोडा. दोनला टेम्पो सुटला. तीन वाजून दहा मिनिटांनी मास्तर लिहितात, "रंग उतरतोय, लॉट परत डाईंगला घ्या." तेव्हा टेम्पो नळदुर्गच्या पुढे. फोन करून परत फिरवला. गेल्या-आल्याचं डिझेल, पोराचा खाडा आणि पार्टीला एक दिवस उशीर.

शेठ म्हणतात, तुला वाचता येत नाही. मास्तर म्हणतात, मी स्पष्ट लिहिलं होतं. माझं म्हणणं, मी जे वाचलं तेही तिथे लिहिलेलंच होतं. तुम्ही सांगा.

होटगीरोडकर

मराठीत लिंग आहे, त्यामुळे खरं तर असा घोळ होऊ नये. तो, ती, ते. इंग्रजीवाल्यांची पंचाईत असते, सगळ्या वस्तूंना एकच इट. तुमच्या केसमध्ये उत्तर व्याकरणातच होतं. वस्तू असेल तर आपण "तो थांबवा" म्हणतो आणि माणूस असेल तर "त्याला थांबवा". मास्तरांनी "तो" लिहिलं, म्हणजे वस्तू. शेठनी "त्याला" लिहिलं, म्हणजे माणूस, म्हणजे बबलू. नीट वाचलं असतं तर कळलं असतं. राग मानू नका.

गाठीवाला

राग नाही, पण टेम्पोसुद्धा वस्तूच की हो. "तो थांबवा" टेम्पोलाही लागू पडतं.

तिसरी_पाळी

काय बे, सगळेच "तो" की. लॉट तो, टेम्पो तो, टॉवेल तो, रंग तो, माल तो, बबलू तो. हितं व्याकरण काय करूलालंय? मास्तरांनी टॉवेलच्या ऐवजी चादर बिघडवली असती तर सगळं नीट झालं असतं. "ती थांबवा" म्हटलं की टेम्पो बाद. 😄

रंगपक्का

मरून रंग हाताला लागत असेल तर तो बहुतेक धुलाईत कमी पडलाय. रिअ‍ॅक्टिव्ह डाय असेल तर डाईंगनंतर सोपिंग उकळत्याच्या जवळच्या पाण्यात व्हायला पाहिजे. धाग्याला न चिकटलेला रंग तिथे निघून जातो. गडद रंगाला एका वॉशवर भागवू नका. फिक्सर मारून तात्पुरतं झाकलं जातं, पण गिऱ्हाइकाच्या बादलीत परत निघतं. पाणी जड असेल तर वेगळं बघावं लागेल. मास्तरांना विचारा, वॉश किती दिले.

गाठीवाला

@रंगपक्का धन्यवाद, मास्तरांना दाखवतो. पण धागा रंगाचा नाही, "तो"चा आहे.

रंगपक्का

हो हो, वाचलं नंतर. तरी वॉश विचाराच.

शेवटचा_बाक

मी कॉलेजात भाषाविज्ञान शिकवत असे, आता निवृत्त आहे. विषय आवडता आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

होटगीरोडकरांचा "ला"चा मुद्दा अर्धा बरोबर आहे. कर्म सजीव असेल तर मराठी त्याला "ला" लावते आणि निर्जीव असेल तर बहुधा लावत नाही. "आंबा काप", पण "पोराला उठव". पण हा नियम बोलण्यात सैल आहे. "त्या गाडीला जरा बाजूला घे," असं आपण रोज म्हणतो. गाडी, टेम्पो, बस या वस्तू चालतात, थांबतात, आत ड्रायव्हर असतो, त्यामुळे त्यांना "ला" सहज लागतो. "त्याला" वाचून गाठीवाल्यांना टेम्पो दिसला यात त्यांचं मराठी कच्चं नाही. शिवाय "सोडा" हे क्रियापद टेम्पोलाही लागतं आणि जेवायला जाणाऱ्या पोरालाही. शब्द दोन्हीकडे चपखल बसला आणि तेच नडलं.

आता मुख्य गोष्ट. "तो" या शब्दाला स्वतःचा अर्थ जवळजवळ नसतो. ऐकणाऱ्याच्या मनात आत्ता कोण वर आहे, त्याच्याकडे तो बोट दाखवतो. मूळचे पुण्याचे अरविंद जोशी, बार्बरा ग्रोस आणि स्कॉट वाइनस्टाइन यांनी 1995 साली यावर एक गाजलेला निबंध लिहिला. सोप्या भाषेत सांगायचं तर, प्रत्येक वाक्यानंतर ऐकणाऱ्याच्या मनात त्या वाक्यातल्या गोष्टी उतरंडीसारख्या लागतात. सगळ्यात वरचं मडकं सर्वनामाने उचलायचं. खालचं उचलायचं असेल तर नाव घ्यावं लागतं.

समोरासमोर बोलताना दोघांची उतरंड सारखी असते, कारण दोघांनी तेच वाक्य त्याच क्षणी ऐकलेलं असतं. ग्रुपवर अकरा माणसांच्या अकरा उतरंडी. मास्तर अकराच्या सुमारास ग्रुपवर आले, मग टॉवेल धुवायला गेले. पाऊण तास त्यांच्या हातात टॉवेल, डोळ्यांसमोर टॉवेल, बादलीत मरून पाणी. फोन उचलून त्यांनी "तो" लिहिलं तेव्हा त्यांच्या उतरंडीत टॉवेलच सगळ्यात वर होता. मधले वीस मेसेज त्यांनी वाचलेलेच नसणार. गाठीवाल्यांनी ते सगळे वाचले होते आणि शेवटची मोठी गोष्ट टेम्पो होती. ज्याने मन लावून सगळे मेसेज वाचले, तोच चुकला, हे लक्षात घ्या.

म्हणून कोणी "नीट वाच" म्हटलं तर मला पटत नाही. लिहिणारा ज्या मेसेजला उत्तर देत असतो तिथे त्याचं सर्वनाम बांधलेलं असतं. वाचणारा ते लगेच वरच्या मेसेजला बांधतो. या दोन जागांच्या मध्ये जितकी गर्दी, तितका धोका. मेसेज लांब असून बिघडत नाही, मध्ये दुसरा "तो" आला की बिघडतं.

होटगीरोडकर

"ला"चं मान्य. पण मग सरळ इंग्रजीत लिहावं ना. ही म्हटलं की बबलू, इट म्हटलं की वस्तू. शेठचा घोळ तरी टळला असता.

शेवटचा_बाक

शेठचा टळला असता, खरं आहे. इंग्रजी माणूस आणि वस्तू वेगळे ठेवते, आपण ठेवत नाही. पण मास्तरांचा टळला नसता, उलट वाढला असता. इंग्रजीत लॉट, टेम्पो, चादर, बिल्टी, चिकटपट्टी सगळ्यांना इट. एवढंच नव्हे, सबंध घटनेलाही इट. "स्टॉप इट" म्हटलं असतं तर भरणं थांबवा असाही अर्थ निघाला असता. मराठीत ते काम "ते" करतं. "ते झालं का?" यातलं "ते" म्हणजे कागद, काम की कालचं बोलणं, हे ज्याचं त्याला ठाऊक.

वाडीकर_वहिनी

आमच्याकडे तर "ते"नेच गोंधळ केला. सासऱ्यांचं ऑपरेशन होतं. घरच्यांचा ग्रुप, पंधरा जण, अर्धे पुण्याला. दिरांनी लिहिलं, "ते आले." पुण्याहून लगेच नमस्काराचे हात, "देव पावला", मोठ्या नणंदेने पेढ्यांचा फोटो टाकला. सगळ्यांना वाटलं, मामंजी ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आले. दिरांना म्हणायचं होतं, रक्ततपासणीचं रिझल्ट आले. मामंजींना अजून आत घेतलंही नव्हतं! त्यांना आत नेलं तासाभराने, आणि नणंदबाई त्या तासभर फोनवर विचारत होत्या की बोलतायत का, पाणी प्यायले का.

(सुखरूप आहेत आता. पथ्यावर आहेत, भाकरीबरोबर शेंगाचटणी मिळत नाही म्हणून चिडचिड.)

शेवटचा_बाक

वहिनी, तुमचं "ते आले" मी वर्गात वापरलं असतं. "ते" तीन ठिकाणी राबतं. नपुंसकलिंगी एक वस्तू, अनेक पुल्लिंगी माणसं किंवा वस्तू, आणि आदरार्थी एक माणूस. बोलताना क्रियापद सोडवतं. एक वस्तू असेल तर "ते आलं", आदर किंवा अनेकवचन असेल तर "ते आले". पण लिहिताना पुष्कळ लोक प्रमाण भाषेत शिरतात आणि "सूत आले", "काम झाले" असं लिहितात. मग सूतही "आले" आणि शेठही "आले".

जुन्या लेखनात ही सोय होती. नपुंसकलिंगी एकवचन "तें आलें" असं अनुस्वार देऊन लिहीत, माणसं "ते आले". साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. लिहिणं सोपं झालं, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण तो एक ठिपका ग्रुपवर उपयोगी पडला असता.

तिसरी_पाळी

बाई, आमच्या शाळेत तुम्ही का नव्हत्या.

पूर्वभागकर

माझी मातृभाषा तेलुगू, घर पूर्व भागात. एक गोष्ट कोणी बोललं नाही, म्हणून सांगतो. लिंगावर भरवसा ठेवू नका, निदान सोलापुरात तरी. तेलुगूत वस्तूंना तो-ती नसतं. चादर, टॉवेल, माग, सगळ्याला "अदि". बाईमाणसासाठी सुद्धा घरगुती बोलण्यात तेच "अदि" चालतं, मान द्यायचा असेल तर "आमे" म्हणतात. माझे वडील पन्नास वर्षं मराठी बोलले, पण शेवटपर्यंत "चादर आला" आणि "माग बंद पडली" म्हणायचे. आमच्या मागावरची निम्मी माणसं तशीच बोलतात. कन्नड घरातून आलेल्यांचंही तेच, त्यांच्याकडे वस्तूला "अदु".

म्हणजे तिसरी_पाळी म्हणतात तसं चादर बिघडली असती तरी आमच्या मास्तरांनी "तो थांबवा" असंच लिहिलं असतं. मग गाठीवाले शंभर टक्के टेम्पोकडे गेले असते, कारण त्यांना खात्री असती की चादर "ती" असते. शुद्ध बोलणाऱ्यानेच जास्त फसायचं.

गाठीवाला

आमचे मास्तर पण पूर्व भागातलेच आहेत! "बिल्टी मिळाला" असं लिहितात, आम्ही हसतो.

बंबवाडी

सोपा उपाय. ग्रुपवर सर्वनामांवर बंदी. प्रत्येक वेळी पूर्ण नाव लिहायचं. आमच्या ऑफिसात मी हे चालू केलंय. विषय संपला.

लिहूनदेणार

मी दस्त लिहितो, खरेदीखत, भाडेपट्टा, बक्षीसपत्र. आमच्या धंद्यात ही बंदी फार जुनी आहे. खरेदीखत कधी वाचलंत तर "तो" जवळजवळ सापडणार नाही. सुरुवातीला दोघांची पूर्ण नावं, वय, धंदा, पत्ता येतो आणि मग शेवटपर्यंत एक "लिहून देणार" आणि दुसरा "लिहून घेणार". मिळकतीचं वर्णन एकदा गट नंबर आणि चतुःसीमेसकट येतं, मग "सदर मिळकत". लोक हसतात, ही कसली बोजड भाषा म्हणून. पण वीस वर्षांनी दोघंही हयात नसताना कोर्टात कागद उघडला, तरी "त्याने त्याला त्याची रक्कम दिली" असं वाक्य तिथे सापडत नाही.

पण बंबवाडी, एक सांगतो. पूर्ण नाव रोज शंभर वेळा लिहिणं आम्हालाही जमत नाही. म्हणून आम्ही एक खूण ठरवतो आणि ती बदलत नाही. "सदर मिळकत" म्हटलेली जागा पुढच्या पानावर "उपरोक्त प्लॉट" झाली की विरुद्ध बाजूचा वकील विचारतो, या दोन जागा आहेत का?

गाठीवाला

हे लागलं. मी आत्ता ग्रुप वर जाऊन बघितला. एकाच लॉटला आम्ही गुरुवारी काय काय म्हटलंय बघा. शेठ "हैदराबादचा माल", मी "टॉवेल 40 गाठी", मास्तर "मरून", मावशी "लाल गठ्ठे", आणि सुपरवायझर "पहिला लॉट". हैदराबादच्या मालात चादरीही होत्या, म्हणजे शेठचं नाव दोन्हींना लागतं. नावं घेतली असती तरी एकमेकांची नावं जुळली नसती.

शेवटचा_बाक

लिहूनदेणारांनी फार मोलाचं सांगितलं. नाव बदललं की वाचणारा नवी वस्तू धरतो. शाळेत आपल्याला निबंधात तोच शब्द पुन्हा वापरू नका असं शिकवलं, ती सवय इथे घात करते.

आणि बंबवाडींच्या बंदीबद्दल. दर वाक्यात नाव घेतल्यानेही वाचणारा अडखळतो. 1993 साली गॉर्डन, ग्रोस आणि गिलियम यांनी यावर प्रयोग केले. जिथे सर्वनाम सहज चाललं असतं तिथे नाव पुन्हा घातलं तर लोकांना वाक्य वाचायला जास्त वेळ लागला. मराठीत करून बघा. "बबलू जेवायला गेला. बबलू भाकरी खातोय. बबलू दोनला येईल." तिसऱ्या वाक्याला मनात येतं, हा दुसरा बबलू तर नाही? मास्तरांनी एकाच मेसेजमध्ये "मरून टॉवेलचा लॉट थांबवा, तो धुवून बघतोय" असं लिहिलं तर त्यातला "तो" निर्धोक आहे, कारण मध्ये कोणी घुसू शकत नाही. माझं मत असं की मेसेजच्या आत "तो" चालेल, मेसेजच्या तोंडाशी नको.

बंबवाडी

तोंडाशी म्हणजे?

शेवटचा_बाक

म्हणजे मेसेजमध्ये पहिल्यांदा ज्याचा उल्लेख येतो त्याला नाव. कसोटी अशी की फोन लॉक असताना वर फक्त तेवढा एकच मेसेज दिसतो ना, तसा तो एकटा वाचून बघायचा. "तो थांबवा. दुपारी सांगतो" हे लॉक पडद्यावर कोणालाच कळत नाही. "मरून टॉवेल थांबवा. तो धुवून बघतोय, दुपारी सांगतो" हे कळतं. टाईप करायला चार सेकंद जास्त.

होटगीरोडकर

त्यापेक्षा मेसेज उजवीकडे सरकवून रिप्लाय द्यायचा. वरचा मेसेज आपोआप चिकटतो. नाव टाईप करायचीच गरज नाही. मास्तरांनी 11:02 च्या स्वतःच्या मेसेजला रिप्लाय दिला असता तर संपलं होतं.

पूर्वभागकर

हे बरोबर आहे, पण पूर्ण नाही. त्या मेसेजमध्येच दोन गोष्टी असल्या तर? समजा मास्तरांनी गाठीवाल्यांच्या 10:15 ला रिप्लाय देऊन "तो थांबवा" लिहिलं. त्यात टॉवेलही आहेत आणि चादरीही, आणि आमच्या मास्तरांच्या मराठीत चादर पण "तो". शिवाय मेसेज दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड केला की चिकटलेला वरचा मेसेज गळून पडतो. टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर फक्त "तो थांबवा" जातो.

गाठीवाला

आणि शोधायला पण. काल शेठनी विचारलं, मरूनबद्दल मास्तरांनी आधी कधी सांगितलं होतं? मी सर्चमध्ये "मरून" टाकलं तर 11:02 चा एकच मेसेज आला. "तो थांबवा" आलाच नाही, कारण त्यात मरून हा शब्दच नाही. म्हणजे पुराव्यालाही सर्वनाम कामाचं नाही.

स्टेशनमास्तर_नि

रेल्वेतून निवृत्त. सोलापूर विभागातच नोकरी झाली. तुमच्या सगळ्या चर्चेत मला 11:52 चा मेसेज सगळ्यात जास्त खटकला. "बरं."

आमच्याकडे शेजारच्या स्टेशनकडे लाइन क्लिअर मागताना "ती गाडी सोडतो" असं कधीच नव्हतं. गाडीचा नंबर म्हणायचा. पलीकडच्याने तोच नंबर परत म्हणायचा. मग प्रायव्हेट नंबर द्यायचा आणि तो दोघांनी रजिस्टरला लिहायचा. पलीकडून नुसतं "बरं" आलं तर ते उत्तर धरलंच जायचं नाही. कारण "बरं"मध्ये काय ऐकलं ते कळत नाही, फक्त ऐकलं एवढं कळतं. गाठीवाल्यांच्या "बरं"ने मास्तरांना वाटलं की टॉवेल थांबले. गाठीवाल्यांना वाटत होतं की टेम्पो थांबला. दोघंही समाधानी. तुम्ही "बरं, टेम्पो थांबवतो" एवढं लिहिलं असतं तर मास्तरांनी 11:53 ला फोन केला असता.

गाठीवाला

हे ऐकून जरा गप्प झालो. कारण दोन्ही वेळा माझंच उत्तर, "बरं" आणि "ओके". सर्वनाम त्यांचं, पण नाव परत म्हणायचं काम माझं होतं.

तिसरी_पाळी

जाऊ द्या हो, शेठला सांगा रेल्वेसारखं प्रायव्हेट नंबर द्यायला. 😄

वाडीकर_वहिनी

पण घरच्या ग्रुपवर "सासऱ्यांचे रक्ततपासणीचे रिझल्ट आले" असं कोण लिहितं? आणि सासऱ्यांचं नाव मी कसं घेऊ? आमच्याकडे सुनेने सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही. "ते", "हे", "मामंजी" एवढंच. आणि "हे" म्हणजे नवरा, ते वेगळंच.

शेवटचा_बाक

नाव नको, नातं पुरेल. "मामंजी" हे नावासारखंच काम करतं, कारण त्या ग्रुपवर मामंजी एकच. पण मोठ्या नणंदेच्या सासरच्या ग्रुपवर तोच मेसेज गेला तर तिथले मामंजी वेगळे, हे तेवढं ध्यानात ठेवायचं. आणि तुमच्या केसमध्ये "रिपोर्ट आले" एवढंही चाललं असतं. माणसाचं नाव घ्यायची गरजच नव्हती, वस्तूचं घ्यायची होती.

बंबवाडी

मी बंदी थोडी सैल करतो. पैसा, माल, तारीख आणि माणूस सोडणे-थांबवणे यात नाव सक्तीचं. बाकी गप्पांत काय वाटेल ते लिहा.

होटगीरोडकर

आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पहिल्या मेसेजला नाव. सकाळचं दुपारी कोणाच्या डोक्यात राहत नाही.

गाठीवाला

सगळ्यांना धन्यवाद. काल शेठ आणि मास्तरांशी बसून ठरवलं. लॉट बांधताना मावशी गाठीवर मार्करने लॉट नंबर लिहितात, तोच ग्रुपवर वापरायचा. मरून टॉवेलचा 318 आहे. आजचे मेसेज चिकटवतो:

9:40 डाईंग मास्तर – 318 ला दोन वॉश दिले. आता रंग लागत नाही
9:41 मी – बरं, 318 पॅकिंगला घेतो. चादरी त्याच्याबरोबरच पाठवायच्या का
9:43 शेठ – हो. संतोषला सांग

(@रंगपक्का, एकच वॉश दिला होता. तुमचं बरोबर होतं.)

आता नवीन प्रश्न. आमच्याकडे संतोष दोन आहेत. एक टेम्पोवाला, एक हेमिंगवाला. शेठ दोघांनाही नुसतं संतोष म्हणतात, आणि आडनावही दोघांचं एकच. टेम्पोवाल्याला "टेम्पो" म्हणावं तर टेम्पो हे गाडीचंही नाव, मग परत तेच. तुमच्याकडे काय करतात?

पूर्वभागकर

आमच्याकडे तीन श्रीनिवास आहेत. थोरला, धाकटा आणि लंबू. लंबूला आवडत नाही, पण चालतं.

लिहूनदेणार

दस्तात वडिलांचं नाव घालतो. ग्रुपवर फार लांब होईल.

स्टेशनमास्तर_नि

मोबाइल नंबरचे शेवटचे दोन आकडे. संतोष 47, संतोष 12.

तिसरी_पाळी

संतोष 47 म्हटलं की मावशी 47 गाठी बांधतील बघा.